निर्णयाच्या आधीच चढलेला भाव

माझ्या दुकानात येऊन कुणी 'आज घेऊ का थांबू' असं विचारलं, की आता मी काट्यावरची धूळ पुसायला लागतो. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मी न विचारताही सांगायचो. सौंसरच्या सराफा ओळीत मोबाईलवर जगाचे भाव बघणारा पहिला माणूस मीच, असा माझा समज होता आणि तो मी कुणाला विसरू देत नसे. अमेरिकेत कोण काय बोललं, डॉलर कुठं आहे, हे मी बाळ्या मोजता मोजता गिऱ्हाइकाला ऐकवायचो. गिऱ्हाईक मान हलवायचं. ते घाईत असायचं, पण मला वाटायचं, पटलं.

वडील मागच्या खोलीत कामाला बसत. सत्तरी उलटली तरी हात स्थिर होता. ते भावाबद्दल कधी बोलत नसत. त्यांचा एकच नियम होता आणि दुकान त्यावर चाललं होतं. लग्नाचा दागिना ठरवायला माणूस आला, इसार देऊन 'भाव बांधून द्या' म्हणाला, की त्या दिवशीचा भाव त्याच्यासाठी बांधायचा. मग लग्नापर्यंत सोनं आभाळाला लागो की मातीत जावो, त्याला तोच भाव. आणि ज्या दिवशी शब्द दिला, त्याच संध्याकाळी तेवढ्याच वजनाचं सोनं नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे फोन करून पक्कं करायचं. म्हणजे आपणही सुटलो आणि गिऱ्हाईकही सुटलं. सौंसर, मोहगाव, लोधीखेड्याची निम्मी लग्नं या एका रिवाजावर आमच्याकडे आली असतील.

त्या वर्षी आषाढात एक ओळखीचे गृहस्थ आले. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी सगळी नोकरी काढली. सकाळी साडेपाचला वॉल्व्ह उघडणारा माणूस म्हणून अख्खा वॉर्ड त्यांना ओळखतो. बायको वारली तेव्हा दोन मुली लहान होत्या. त्यांनीच वेण्या घातल्या, त्यांनीच डबे भरले. मोठीचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं, तेव्हा तीन तोळ्यांचा, चपट्या पानांचा चपलाहार आमच्याकडूनच केला होता. आता धाकटीचं जमलं होतं, लोधीखेड्याला. दिवाळीनंतर लग्न. निवृत्तीच्या पैशातून हारापुरती रक्कम त्यांनी वेगळी काढली होती आणि ती कापडी पिशवीत घेऊनच ते आले होते.

"भाऊ, तीन तोळेच पाह्यजे," ते म्हणाले. "मोठीले तीन देल्ले. धाकटीले रत्तीभर कमी झालं तं तिची माय मले माफ नाई करणार. मरताना एकच बोलली होती ती. दोघींत फरक नोको करजा."

आजच्या भावानं पिशवीतली रक्कम बरोबर पुरत होती. घडाई धरून थोडे वरही उरत होते. ते म्हणाले, "बांधून टाका. मोकळा होतो."

मी नाही म्हणालो.

मला त्यांना फसवायचं नव्हतं, हे आधी सांगतो. फसवायचं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी राहिलं असतं. मला त्यांचं भलं करायचं होतं आणि त्यात माझं शहाणपणही दाखवायचं होतं. मागच्या पंधरा दिवसांत सोनं जरा मऊ पडलं होतं. अमेरिकेच्या मोठ्या बँकेची व्याज ठरवायची बैठक भाद्रपदात होती. तिथं व्याज कमी होईल आणि मग सोनं चढेल, असं जो तो बोलत होता. म्हणजे चढणार ते बैठकीनंतर. तोवर दोन महिने ते असंच रेंगाळेल, कदाचित अजून खाली येईल. असा माझा हिशेब.

"काका, घाई कायची?" मी म्हणालो. "चढणारं सोनं निर्णयानंतर चढते. बैठकीच्या आठ दिवस आधी या. स्वस्तात बांधून देतो. वाचले त्या पैशात पोरीले कानातले होतील."

हा हिशेब मी हवेतून काढला नव्हता. एका वर्षी सरकारनं सोन्यावरचं आयात शुल्क कमी केलं होतं. सकाळी भाव एक होता, दुपारी सरकारनं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तो धाडकन खाली. ते मी दुकानात बसून बघितलं होतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की निर्णय होतो तेव्हा भाव हलतो. सराफाशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही. त्या शुल्काची कुणाला चाहूलच नव्हती, म्हणून भाव त्या दिवशी पडला. व्याजाचं तर महिनाभर आधीपासून गावोगाव बोललं जात होतं. एवढा साधा फरक मला दिसला नाही.

ते पिशवी पुन्हा काखेत मारून गेले. जाताना म्हणाले, "तुमच्या भरवशावर राह्यतो मंग." मला ते ऐकून बरं वाटलं.

वडील मागून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बांधून मागून राह्यला होता तो," ते म्हणाले. "कायले थांबवलं?"

मी त्यांना व्याज, बैठक वगैरे समजावलं. ते ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. गिऱ्हाईक बांधा म्हणते तं बांधावं. थांब म्हणायचा धंदा आपला नोहे." मी हसलो. म्हाताऱ्यांना नवीन बाजार कळत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात सोनं चढलं. थोडंच, पण चढलं. मी बातम्या चाळल्या. कुठं काही घडलं नव्हतं. बैठक दीड महिना लांब होती, व्याज होतं तिथंच होतं. मी म्हटलं, उतरेल. पुढच्या शनिवारी सकाळी दुकान उघडलं तर ते आणखी वर. आदल्या दिवशी अमेरिकेत नोकऱ्यांचे आकडे आले होते आणि ते कच्चे निघाले होते. त्यापलीकडे जगात काही झालं नव्हतं.

मग ते रोज होऊ लागलं. एकदम उसळी असती तर माणूस बोंबलला असता, पण ही वाढ तशी नव्हती. आज शंभर, उद्या अडीचशे, परवा पन्नास उतरून पुन्हा दोनशे. सकाळी शटर वर करायच्या आधी मी मोबाईल उघडायचो. त्याच वेळी ओळीतलं गिऱ्हाईक आटलं. पोळ्याच्या तोंडावर एरवी बायका मंगळसूत्राच्या वाट्या बदलायला येतात, त्याही आल्या नाहीत. आमच्या समोरचा दुकानदार दुपारभर पंख्याखाली बसून रस्त्याकडे बघायचा. सगळ्यांना ठाऊक होतं की काहीतरी येतंय.

पाण्याच्या टाकीवाले काका बाजाराच्या दिवशी आले. पिशवी नव्हती. नुसते विचारायला आले होते.

"चढून राह्यलं म्हणते भाऊ?"

"चढलं थोडं."

"काहून? बैठक तं झालीच नाई ना अजून?"

मी म्हणालो, तिकडे नोकऱ्या कमी निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "त्यायच्या गावात नोकऱ्या कमी झाल्या," ते म्हणाले, "तं आपल्या इथं सोनं काहून महाग व्हाव?"

मी म्हटलं, सट्टेवाल्यांचा खेळ आहे, उतरेल. ते गेल्यावर मी नागपूरच्या ठोकवाल्याला फोन लावला. चौकशी करायचं कारण नव्हतं, कारण मी काही पक्कं केलंच नव्हतं. तरी लावला. तो कामात होता. "अरे, मोठे लोक घेऊन बसले ना आधीच," एवढं म्हणाला आणि ठेवून दिला. 'आधीच' हा शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेला नाही.

दोन दिवसांनी पांढुर्ण्याचे एक संत्रा व्यापारी आले. आमचं जुनं गिऱ्हाईक. बोलायला फटकळ, पैशाला चोख. ते दागिना घेत नाहीत, नाणी घेतात. त्या दिवशीही नाणी मागितली, एवढ्या चढ्या भावात. मी म्हणालो, शेठजी, बैठक होऊ द्या, मग बघा.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

"तू संत्र्याच्या मुलखातला ना?" ते म्हणाले. "मी बगीचा कवा घेतो? फळ पिवळं झाल्यावर?"

बगीचा ते फळ हिरवं, लिंबाएवढं असतानाच घेतात. झाडं मोजतात, एका फांदीवर हात फिरवतात आणि उभ्या बागेचा सौदा करून मोकळे होतात. हे मी लहानपणापासून बघतो.

"अन् यंदा माल कमी येणार म्हणून हवा झाली," ते पुढे म्हणाले, "तं भाव कवा चढते? माल कमी आल्यावर? का हवा झाली त्याच दिवशी? पिवळं होईपर्यंत थांबेल त्याले बगीचा कोण देईन? माह्यासारखे दहा झण फिरून राह्यले."

मी म्हणालो, संत्र्याचं ठीक आहे, पण सोन्याचा आणि व्याजाचा संबंध काय. खरं म्हणजे मला तो ठाऊक होता. मी वाद घालत होतो.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पैसा बँकेत ठेवला, सरकारच्या कागदात ठेवला, तं व्याज भेटते. सोनं व्याज देते का? नाई. मंग व्याज जास्त असलं तं सोनं घरात ठेवणं महागात पडते. ते व्याज कमी होणार असं वाटलं का सोनं बरं दिसते. आता मले सांग, ज्याच्यापाशी करोडो हायेत तो बैठकीची वाट पाह्यते का? त्याले ज्या दिवशी वाटलं का व्याज उतरणार, त्याच दिवशी घेते. त्याचं पाहून दुसरा घेते. कागदावरचं व्याज, डॉलर, सारं आधीच हलून जाते. नोकऱ्या कच्च्या निघाल्या म्हणजे काय झालं? बँकेले व्याज उतरवणं भाग पडन, असा वास आला. वास आला का भाव आला. बैठकीच्या दिवशी उरते काय? जेवढं सगळ्यायले माहीत होतं, तेवढं भावात मिसळून गेलं असते."

"आणि बैठकीत व्याज उतरलंच नाही तर?"

"तं पडन. हवा खोटी निघाली का बगीच्यातही मार बसते. पण पडन म्हणून घरी बसणारा माणूस व्यापारी नाई, भविष्यवाला हाय."

ते नाणी घेऊन गेले. लोकांना भाद्रपदात काय होणार हे श्रावणातच दिसत होतं आणि ते श्रावणातच त्याचे पैसे मोजत होते. मी एका भल्या माणसाला सांगितलं होतं की हे सगळं झाल्यावर ये. वरातीमागून घोडं न्यायला मीच त्याला शिकवलं होतं.

इथं गोष्ट थांबली असती तर मी ती लिहिली नसती. तोवर फार बिघडलं नव्हतं. त्या दिवशी काकांना बोलावून बांधून दिलं असतं, तर वाल-दोन वालांचा, म्हणजे अर्ध्या-पाऊण ग्रॅमचा फरक पडला असता आणि तो मी घडाईत मुरवला असता. त्यांना पत्ताही लागला नसता. मला त्यासाठी फक्त एक फोन करायचा होता आणि 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं होतं.

मी फोन केला नाही. उलट त्या व्यापाऱ्याच्या बोलण्यातून मी माझ्या सोयीचं तेवढं उचललं. सगळं भावात आधीच मिसळलंय ना, मग बैठकीच्या दिवशी ज्यांनी आधी घेतलंय ते विकून नफा काढतील आणि भाव पडेल. म्हणजे माझं थांबायला सांगणं बरोबरच होतं, फक्त कारण वेगळं. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते मला तंतोतंत लागू होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, दगडफेकीची ती दरवर्षीची जत्रा, त्यामुळे तिकडची वर्दळ बंद. त्यानंतरच्या आठवड्यात काका आले आणि या वेळी पिशवी घेऊन आले. भाव तोवर बराच वर गेला होता. पिशवीत तीन तोळ्यांचे पैसे राहिले नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी स्टुलावर बसून आधी घाम पुसला.

"आता बांधून द्या भाऊ," ते म्हणाले. "मले भेव वाटून राह्यलं. झोप नाई येत. जेवढं येईन तेवढं येईन."

मागच्या खोलीतला हातोडीचा आवाज थांबला. वडील ऐकत होते.

"काका, आता अजिबात नको," मी म्हणालो. "आता तं एकदम वरच्या टोकाले हाय. बैठक दहा दिवसांवर आली. ती झाली का लोक विकतात अन् पडते. दहा दिवस दम धरा."

"पक्कं?"

"पक्कं."

हा शब्द मी कशाच्या जोरावर उच्चारला, ते मला आजवर कळलेलं नाही. भाव एका कारणानं चढत नाही. रुपया ढिला झाला तरी आपल्याकडे सोनं महाग होतं. जगात कुठं धास्ती वाटली तरी होतं. एक बैठक झाली म्हणून उतरायचं त्याच्यावर बंधन नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी पक्कं म्हणालो. काका उठले. हातोडी पुन्हा सुरू झाली नाही. वडील बाहेर आले, माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "चहा घेऊन जा." काका म्हणाले, नको, पोरगी वाट पाहून राह्यली असन.

ते दहा दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. जेवण उतरत नव्हतं. बायकोनं विचारलं, बीपी तपासता का. संध्याकाळी दुकान बंद करताना वडील नुसता फळ्यावर लिहिलेला भाव वाचायचे आणि चपला घालायचे. बागांमधून त्या दिवसांत फळगळीच्या बातम्या येत होत्या. जो येईल तो गळालेल्या संत्र्यांचंच बोलायचा, आणि मला वाटायचं, सगळीकडे एकच चाललंय.

बैठकीचा निकाल आपल्याकडे सगळे झोपल्यावर येतो. मी सकाळी अंथरुणातच पाहिला. व्याज कमी झालं होतं. जेवढं कमी होणार असं दोन महिने सगळे म्हणत होते, बरोबर तेवढंच. आणि सोनं खरंच पडलं होतं. मी उठून बसलो. मग आकडा नीट वाचला. तोळ्यामागे काहीशेंनी पडलं होतं. आषाढापासून जे हजारांनी चढलं होतं, त्यातले काहीशे.

मी काकांना लगेच फोन करायला हवा होता. मी म्हटलं, अजून पडेल, आज तर पहिलाच दिवस. दोन दिवसांत ते सगळं भरून निघालं आणि भाव वर निघाला. बँकेनं पुढेही व्याज कमी होऊ शकतं असा सूर लावला होता. आता लोक पुढच्या कपातीचे पैसे मोजत होते. ही कपात जुनी झाली होती. ज्या दिवसाची मी दोन महिने वाट बघितली, त्या दिवसाशी आता कुणाला घेणंदेणं उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काका आले. मी बोलायच्या आधी त्यांनी फळा वाचला.

मी पिशवीतल्या रकमेचं सोनं किती होतं ते काढलं. पावणेतीन तोळेही भरत नव्हतं. कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. "काका," मी म्हणालो, "चूक माझी हाय. तुमी आषाढात बांधा म्हणत होते. त्या भावानं मी तुम्हाले तीन तोळे पूर्ण देतो. वरचं माह्यावर."

त्यांनी हळूच कॅल्क्युलेटर माझ्याकडे सारला.

"तुमी बांधलं नोहतं भाऊ," ते म्हणाले. "बांधलं असतं तं हक्कानं घेतलं असतं. न बांधलेलं कसं घेऊ? त्यातलं पाव तोळा तुमचं होईन. मले माह्यं द्याचं हाय तिले."

मी खूप सांगितलं. दोनदा तर हात जोडले. माणूस तीस वर्षं गावाला पाणी सोडत होता, एका घराला जास्त आणि एका घराला कमी सोडलं असं कुणी म्हटलेलं नाही. त्यांना माझी भीक नको होती. आणि तिला भीक म्हणायचा मोठेपणाही त्यांनी केला नाही.

उठताना ते थबकले. इकडेतिकडे बघितलं. दुकानात आम्ही दोघंच होतो, तरी आवाज खाली आणला.

"एक करसान का? मोठीच्या हाराएवढाच दिसला पाह्यजे. तेवढाच लांब, तेवढेच पानं. वजन कोण पाह्यते? दोघी जवळ उभ्या राह्यल्या तं फरक दिसला नाई पाह्यजे. बिलावर खरं लिहा, ते बिल मी माह्यापाशी ठेवतो."

मी हो म्हणालो.

हार वडिलांनी केला. त्यांनी मला हात लावू दिला नाही. मोठीच्या हाराचं मोजमाप त्यांच्याकडे होतं. त्यांनी पत्रा मशीनमधून नेहमीपेक्षा आणखी एकदा काढला, मग आणखी एकदा. पानं कापली, घोटली. पातळ पत्र्याला चेप लवकर जाते म्हणून प्रत्येक पानाला मागून बारीक उठावाचा वळ दिला. पाच दिवस लागले. झाल्यावर त्यांनी तो हार मखमलीवर ठेवला आणि चष्मा काढून बसले. मोठीच्या हाराचा फोटो शेजारी धरून मी बघितलं. कुठंच फरक नव्हता. "एवढं चांगलं काम मी यासाठी शिकलो नोहतो," वडील म्हणाले. त्या पाच दिवसांत एवढंच बोलले ते मला.

लग्न लोधीखेड्याच्या हॉलमध्ये होतं. काकांनी घरी येऊन पत्रिका दिली होती, त्यामुळे न जाऊन चालणार नव्हतं. वडील म्हणाले, तू जा. बुद्धवंदना झाली, सगळे उभे राहिले, बसले, फुलांचे हार घातले गेले, टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत होतो. जेवायला जायचं आणि निघायचं, असं ठरवलं होतं. पण काकांनी मला बघितलं आणि हाताला धरून स्टेजकडे नेलं. "फोटो काढू," ते म्हणाले. "हार तुमच्याच हातचा हाय."

दोघी बहिणी शेजारी उभ्या होत्या. दोघींच्या गळ्यात हार. फोटोवाल्यानं मागून दिवा लावला होता, आणि दोन्ही हार सारखेच झळकत होते. कुणी म्हटलं असतं, एकाच दिवशी केले. आजूबाजूच्या बायका तेच म्हणत होत्या. जोडीचे दिसतात. बापानं दोघींना सारखं केलं. काका हे ऐकत होते आणि कपाळाचा घाम पुसत होते.

नवरीनं मला वाकून नमस्कार केला. उठताना तिनं हार तळहातावर घेतला, बघितला आणि मग बहिणीचा हार खालून उचलून बघितला. ती सहज खेळत होती. मला तिथून निघून जायचं होतं, पण फोटोवाला म्हणाला, हलू नका.

"काका," ती मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात नुसता आनंद होता, "ताईचा किती जड हाय पाहा. मानेले रुतते तिच्या. मले मोठी धास्ती होती. माहा किती हलका केला तुमी, वजनच लागत नाई."

काका माझ्या शेजारीच उभे होते. ते वळले आणि जेवणाच्या रांगेकडे बघत म्हणाले, "चला भाऊ, पंगत बसून राह्यली."